लिमिट शून्य आलं, उत्तरही बरोबर आलं, मग मार्क का गेले?

पत्र

सर, मी पहिल्या वर्षाला आहे. लिमिट कम्पॅरिझन टेस्टमध्ये साधे अपूर्णांक असले की जमतं. वरचा मोठा घात बघायचा, खालचा बघायचा, वजा करायचं, झालं. वर्गमूळ आलं की गोंधळ होतो. परीक्षेत Σ (√(n+1) − √(n−1))/n ही श्रेणी होती. वर √n आहे, खाली n आहे, म्हणून मी तुलनेला 1/√n घेतलं. लिमिट 0 आलं. शून्य आलं म्हणजे आपली श्रेणी लहान, म्हणून ती कन्व्हर्ज होते असं लिहिलं. पुस्तकातलं उत्तरही 'कन्व्हर्जंट'च आहे, तरी चारपैकी एकच मार्क मिळाला. तुलनेची श्रेणी नेमकी ठरवायची कशी? आणि घनमुळं आली तर काय करायचं?

— मुळांना कंटाळलेली

उत्तर

तुझं लिमिट बरोबर आहे आणि निष्कर्षही बरोबर आहे, पण पहिल्यातून दुसरं निघत नाही. Σ 1/√n ही डायव्हर्ज होणारी श्रेणी आहे, कारण तिथे p = 1/2. तुझ्या पदाला 1/√n ने भागल्यावर 0 येतं याचा अर्थ एवढाच की काही पदांनंतर तुझं पद 1/√n पेक्षा लहान राहतं. पण डायव्हर्ज होणाऱ्या श्रेणीपेक्षा लहान असणं यातून काहीच ठरत नाही. 1/n ला 1/√n ने भाग, 0 येईल. 1/n² ला भाग, तरी 0 च येईल. यातली पहिली डायव्हर्ज होते, दुसरी कन्व्हर्ज होते. तू लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं 1/n ला लावलं तर Σ 1/n सुद्धा कन्व्हर्ज होते असं 'सिद्ध' होईल. तपासणाऱ्याने मार्क कापले ते यासाठी, आणि मीही कापले असते.

या टेस्टमध्ये लिमिट शून्यही नको आणि अनंतही नको, असं का म्हणतात ते एकदा नीट बघ, म्हणजे पाठ करायला लागणार नाही. a_n/b_n हे गुणोत्तर L कडे जातं आणि L ही धन, सांत संख्या आहे असं समज. मग कुठल्यातरी पदानंतर ते गुणोत्तर L/2 आणि 3L/2 यांच्या मध्येच राहणार. म्हणजे

(L/2)·b_n < a_n < (3L/2)·b_n

आता a_n दोन्ही बाजूंनी बांधलं गेलं. उजवी बाजू सांगते की Σ b_n कन्व्हर्ज होत असेल तर Σ a_n ला डायव्हर्ज होताच येणार नाही. डावी बाजू सांगते की Σ b_n डायव्हर्ज होत असेल तर Σ a_n ची बेरीज सांत राहणार नाही. L = 0 झालं की डावी बाजू निकामी होते आणि फक्त उजवी उरते. ती कामाला येते ती b_n ची श्रेणी कन्व्हर्ज होत असेल तेव्हाच. L अनंत झालं की उलट होतं: फक्त डावी बाजू उरते, आणि तिचा उपयोग b_n ची श्रेणी डायव्हर्ज होत असेल तेव्हाच. तुझ्याकडे उजवी बाजू होती आणि श्रेणी डायव्हर्ज होणारी होती. म्हणजे हातात काहीच नव्हतं.

आता मुख्य प्रश्न. 1/√n हे निवडताना तू म्हणालीस, "वर √n आहे." इथेच गाडी रुळावरून घसरली. सर्वात मोठा घात बघायची युक्ती बेरजेत बिनधास्त चालते. (2n² + 3n)/√(n⁵ + 5) घे. वर 2n² वरचढ, खाली √(n⁵) म्हणजे n^(5/2) वरचढ, म्हणून पद साधारण 2/√n सारखं वागतं. n = 100 ला खरं पद 0.203 येतं आणि 2/√n येतं 0.2. तो 2 सुद्धा b_n मध्ये ठेवायची गरज नाही; 1/√n घेतलं की L = 2 येईल, आणि L धन व सांत असणं एवढंच हवंय. वर्गमूळ आहे म्हणून इथे काही अवघड झालं नाही. मुळाखालचा घात निम्मा करायचा, बस्स.

तुझ्या गणितात मूळ हा अडथळा नव्हताच, वजाबाकी हा होता. √(n+1) मध्ये मोठा भाग √n, √(n−1) मध्येही मोठा भाग √n. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि उरतं ते मागे लपलेलं छोटंसं काहीतरी. n = 100 ला √101 = 10.04988 आणि √99 = 9.94987. फरक फक्त 0.1. तू ज्याला √n म्हणजे 10 समजत होतीस, ते प्रत्यक्षात शंभरपट लहान निघालं.

उरलेलं ते किती मोठं आहे हे बाहेर काढण्यासाठी संयुग्मी पदाने, म्हणजे कॉन्ज्युगेटने, गुणायचं आणि भागायचं:

√(n+1) − √(n−1) = ((n+1) − (n−1)) / (√(n+1) + √(n−1)) = 2 / (√(n+1) + √(n−1))

आता सगळीकडे अधिक चिन्ह आलं, म्हणून मोठा घात बघायची तुझी जुनी युक्ती परत चालू. छेद साधारण 2√n, म्हणून हा फरक साधारण 1/√n. त्याला आणखी n ने भागायचंय, म्हणून तुझं पद 1/n^(3/2) सारखं वागतं. तुलनेला हेच घ्यायचं होतं.

एक गंमत सांगतो. तुझी चुकलेली निवडही वाया गेलेली नव्हती. 1/√n ने भागल्यावर लिमिट 0 आलं, पण ते किती वेगाने 0 कडे गेलं ते तू बघितलं नाहीस. n = 100 ला तुझं गुणोत्तर 0.01 आहे, n = 10000 ला 0.0001 आहे. म्हणजे ते 1/n सारखं खाली येतंय. याचा अर्थ तुझा b_n हवा त्यापेक्षा नेमका n पट मोठा होता. 1/√n ला 1/n ने गुण, 1/n^(3/2) मिळालं. लिमिट 0 किंवा अनंत आलं की कागद फाडायचा नाही; गुणोत्तराकडे बघून b_n दुरुस्त करायचा.

उत्तरपत्रिकेत मी हे असं लिहिलं असतं:

n ≥ 1 साठी a_n = (√(n+1) − √(n−1))/n > 0.
संयुग्मी पदाने गुणून, a_n = 2 / (n(√(n+1) + √(n−1))).
b_n = 1/n^(3/2) घेऊ. मग
a_n/b_n = 2√n / (√(n+1) + √(n−1)) = 2 / (√(1 + 1/n) + √(1 − 1/n)) → 2/2 = 1.
L = 1, म्हणजे सांत आणि शून्येतर. Σ 1/n^(3/2) ही p = 3/2 > 1 ची p-श्रेणी कन्व्हर्ज होते, म्हणून Σ a_n कन्व्हर्ज होते.

पहिली ओळ बरेच जण गाळतात. पदं धन असणं ही या टेस्टची अट आहे, शोभेची ओळ नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

प्रत्येक वजाबाकीत खाडाखोड होते असंही समजू नकोस. Σ (√(4n+1) − √(n−1))/n बघ. पहिल्या मुळाचा मोठा भाग 2√n, दुसऱ्याचा √n. वजा केल्यावर √n शिल्लक राहतोच. इथे तुझीच निवड, 1/√n, बरोबर आहे; L = 1 येतं आणि श्रेणी डायव्हर्ज होते. म्हणून वजा चिन्ह दिसलं की आधी दोन्ही बाजूंचे मोठे भाग गुणकांसकट लिहून बघायचे. ते वेगळे असतील तर सरळ पुढे जा. तंतोतंत सारखे असतील तरच कॉन्ज्युगेटची वेळ येते.

सारखे असतील तेव्हा किती उरतं, हे मुळाखाली n च्या मोठ्या घाताला काय चिकटलंय त्यावर ठरतं. ही तीन पदं शेजारी ठेव:

√(n² + n) − n
√(n² + 1) − n
√(n⁴ + 1) − n²

दिसायला सख्ख्या बहिणी. कॉन्ज्युगेट लावल्यावर पहिलं n/(√(n² + n) + n) होतं, आणि ते 1/2 कडे जातं. n = 100 ला किंमत 0.4988 आहे. पदच शून्याकडे जात नाही, मग कसली तुलना; श्रेणी तिथल्या तिथे डायव्हर्ज. दुसरं 1/(√(n² + 1) + n) होतं, म्हणजे साधारण 1/(2n). तुलना 1/n शी, L = 1/2, डायव्हर्ज. तिसरं 1/(√(n⁴ + 1) + n²) होतं, साधारण 1/(2n²). तुलना 1/n² शी, पुन्हा L = 1/2, पण ही कन्व्हर्ज होते.

यातून कच्च्या कामासाठी एक सोय मिळते. वर्गमुळाखाली जे जादाचं चिकटलंय ते घ्यायचं आणि मोठ्या भागाच्या वर्गमुळाच्या दुपटीने भागायचं. n² + n मध्ये जादा n, भागिले 2n, म्हणजे 1/2. n⁴ + 1 मध्ये जादा 1, भागिले 2n². जादाचा भाग मोठ्या भागाच्या मानाने फिका पडत जाणारा असेल तोपर्यंत ही सोय फसवत नाही. पण ती समासात लिहायची. उत्तरात कॉन्ज्युगेट आणि लिमिट दाखवावंच लागेल, कारण 'साधारण' या शब्दाला मार्क नसतात.

घनमुळांना तू विचारलंस तसा वेगळा मंत्र लागत नाही, फक्त (A − B)(A + B) ऐवजी A³ − B³ = (A − B)(A² + AB + B²) हे सूत्र घ्यायचं. ∛(n³ + 1) − n मध्ये A = ∛(n³ + 1), B = n. मग A³ − B³ = 1, म्हणून

∛(n³ + 1) − n = 1 / (A² + A·n + n²)

छेदातली तिन्ही पदं n² सारखी वागतात, म्हणून फरक साधारण 1/(3n²). n = 10 ला खरी किंमत 0.003332 आणि 1/(3n²) ची 0.003333. तुलना 1/n² शी, L = 1/3, कन्व्हर्ज. कच्च्या सोयीतही तेवढाच बदल: जादाचा भाग भागिले मोठ्या भागाच्या घनमुळाच्या वर्गाची तिप्पट.

आता एक वर्गमूळ आणि एक घनमूळ समोरासमोर आले तर? Σ (√(n² + 1) − ∛(n³ + 1)). इथे कुठलंच एक कॉन्ज्युगेट सरळ लागत नाही आणि मुलं इथेच पेन खाली ठेवतात. दोन्ही मुळांचा मोठा भाग n आहे ना, मग मध्ये n घाल आणि काढ:

(√(n² + 1) − n) − (∛(n³ + 1) − n)

पहिला कंस साधारण 1/(2n), दुसरा साधारण 1/(3n²). दुसरा पहिल्यापुढे काहीच नाही, त्यामुळे तुलना 1/n शी. n ने गुणल्यावर पहिला भाग n/(√(n² + 1) + n) → 1/2 आणि दुसरा n/(A² + A·n + n²) → 0. L = 1/2, श्रेणी डायव्हर्ज. पदं धन आहेत का? दुसऱ्या कंसाचा छेद 3n² पेक्षा मोठा आणि पहिल्याचा छेद 2n + 1 पेक्षा लहान. 3n² कधीच 2n + 1 च्या खाली जात नाही, म्हणून दुसरा कंस नेहमी पहिल्यापेक्षा लहान. धन आहेत.

कधी कधी एकदा कॉन्ज्युगेट लावूनही खाडाखोड संपत नाही. √(n+2) − 2√(n+1) + √n हे त्यातलं. याचे दोन फरक कर: (√(n+2) − √(n+1)) − (√(n+1) − √n). प्रत्येकाला कॉन्ज्युगेट लावलं की

1/(√(n+2) + √(n+1)) − 1/(√(n+1) + √n)

आणि हे दोन्ही साधारण 1/(2√n), म्हणजे मोठे भाग पुन्हा सारखे! इथे थांबून 1/√n निवडलंस तर परत लिमिट 0 आणि परत तीच पंचाईत. समान छेद केल्यावर अंशात √n − √(n+2) येतो. त्याला आणखी एकदा कॉन्ज्युगेट. शेवटी −2 वर आणि खाली प्रत्येकी 2√n सारखे वागणारे तीन कंस, म्हणजे साधारण −1/(4n^(3/2)). पदं ऋण आली, तर संपूर्ण श्रेणीला −1 ने गुणून टेस्ट लावायची, निकाल तोच राहतो. श्रेणी कन्व्हर्ज होते.

घरी सराव करताना निवड बरोबर आहे का, हे तपासायला कॅल्क्युलेटर पुरतो. n चौपट करायचा आणि पद किती पट लहान होतं ते बघायचं. तुझ्या परीक्षेतल्या पदाची n = 100 ला किंमत 0.001 आहे, n = 400 ला 0.000125. आठ पट लहान. 4^p = 8, म्हणून p = 3/2. तुझ्या निवडीप्रमाणे p = 1/2 असता तर पद फक्त निम्मं झालं असतं. मात्र n भलताच मोठा घेऊ नकोस. n = 10^10 घेऊन √(n² + 1) − n काढायला गेलीस तर साधा कॅल्क्युलेटर सरळ 0 दाखवेल, कारण दोन्ही आकड्यांमधला फरक त्याच्या अंकांच्या आवाक्याबाहेर आहे. शंभरच्या आसपास राहिलं की सहसा फसगत होत नाही. आणि हा सगळा तपास फक्त तुझ्या समाधानासाठी, उत्तरपत्रिकेसाठी नाही.

मुळांचाच आणखी एक सापळा आहे, तो वजाबाकीशिवायही पकडतो: Σ 1/(n·ⁿ√n). घातांकात लिहिलं तर हे 1/n^(1 + 1/n) होतं, आणि 1 + 1/n हे एकपेक्षा मोठं आहे म्हणून 'कन्व्हर्ज' असं लिहून टाकणारे दरवर्षी भेटतात. p-श्रेणीतला p ठराविक संख्या असावा लागतो. इथे तो n बरोबर घसरत 1 कडे जातोय. ⁿ√n ची किंमत n = 100 ला 1.047, n = 1000 ला 1.007, म्हणजे ती 1 कडेच निघाली आहे. 1/n शी तुलना केली की गुणोत्तर 1/ⁿ√n → 1, श्रेणी डायव्हर्ज.

आता पदं धन असल्याच्या त्या पहिल्या ओळीबद्दल. b_n = (−1)ⁿ/√n घे आणि a_n = (−1)ⁿ/√n + 1/n घे. भागाकार 1 + (−1)ⁿ/√n, लिमिट 1. सांत आहे, शून्येतर आहे, सगळं झकास. पण Σ b_n ही चिन्हं आलटूनपालटून येणारी श्रेणी लाइब्निझच्या कसोटीने कन्व्हर्ज होते, आणि Σ a_n मध्ये त्यावर Σ 1/n ची भर पडते म्हणून ती डायव्हर्ज होते. L/2 आणि 3L/2 च्या मध्ये बांधायचं काम b_n धन असेल तरच जमतं. b_n ऋण झालं की असमतेची दिशाच उलटते आणि लहान-मोठं याला अर्थ उरत नाही. तेव्हा (−1)ⁿ दिसलं तर ही टेस्ट फक्त |a_n| ला लावायची, आणि त्यातून उत्तर मिळतं ते निरपेक्ष अभिसरणाचं. |a_n| ची श्रेणी डायव्हर्ज निघाली तर मूळ श्रेणीबद्दल काही बोलायचं नाही, तिला दुसरी कसोटी शोधायची.